पंपाच्या कंट्रोलरची पेटी: आधी ड्राफ्ट, मग शेल, मग रिब

कुळागरातल्या विहिरीवरचा पंप टाकी भरली की आपोआप बंद व्हावा, म्हणून आम्ही फोंड्याला एक छोटा कंट्रोलर तयार केला. सर्किट चाललं. पहिले पंधरा नग बाजारातल्या तयार पेट्यांत बसवून दिले. मागणी वाढली तेव्हा स्वतःची पेटी इंजेक्शन मोल्डिंगने करून घ्यायचं ठरलं आणि मी संगणकावर तिचं मॉडेल काढून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये गेलो. तिथे साचे करणारे काका बेळगावकडचे, तीसेक वर्षं याच कामात. त्यांनी मॉडेल फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ही पेटी साच्यातून बाहेर कशी काढणार तू?"

माझ्या पेटीच्या भिंती अगदी सरळ होत्या, नव्वद अंशांत. थ्रीडी प्रिंटरवर ती सुंदर निघाली होती आणि सर्किट बोर्ड आत नीट बसला होता. पण प्रिंटर थरावर थर रचतो, साच्यातून काही ओढून काढत नाही. त्यामुळे प्रिंट चांगली निघाली म्हणजे साचाही होईल, असं होत नाही. ती पेटी मला जवळजवळ नव्याने काढावी लागली. तोच क्रम इथे आकड्यांसकट सांगतो.

पेटी साच्यात कशी धरली जाते

उघडी पेटी डोळ्यासमोर आणा. तिची बाहेरची बाजू घडवते ती कॅव्हिटी, म्हणजे खोलगट भाग, आणि आतली बाजू घडवतो तो कोअर, म्हणजे उंचवटा. दोन्ही मिळतात ती पार्टिंग लाइन पेटीच्या तोंडाशी, कडेवर असते. वितळलेलं प्लास्टिक या दोघांमधल्या फटीत भरतं, थंड होतं, साचा उघडतो, पेटी कोअरवर राहते आणि इजेक्टर पिना तिला ढकलून खाली पाडतात.

थंड होताना प्लास्टिक आकसतं. आम्ही घेतलेलं एबीएस साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. दीडशे मिलिमीटर लांबीवर हे पाऊण मिलिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे पेटी कॅव्हिटीपासून सुटते, पण कोअरला मात्र आवळून धरते. भिंत सरळ असेल तर पेटी कोअरवरून पूर्ण खोली घासत घासत उतरते. भिंतीला थोडा उतार असेल तर पहिल्या अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीतच ती सगळीकडून सुटते आणि पुढचा प्रवास मोकळा होतो. हा उतार म्हणजे ड्राफ्ट. पेटी तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे.

किती द्यायचा? गुळगुळीत भिंतीला दर बाजूला निदान १ अंश. पृष्ठभागावर टेक्स्चर हवं असेल तर ते जितकं खोल तितका उतार वाढतो, कारण टेक्स्चरचा प्रत्येक कण पेटीला अडवणारी एक बारीक खाच असते. टेक्स्चरच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे १ ते १.५ अंश वाढवा, असा टूलरूमचा हिशेब आहे. आम्हाला ओल्या हाताने धरता येईल असं हलकं मॅट टेक्स्चर हवं होतं, ते त्याहून उथळ. म्हणून आम्ही २ अंश घेतले. ज्यांना खोल, चामड्यासारखं टेक्स्चर हवं असेल त्यांनी ३ ते ५ अंशांची तयारी ठेवावी. टेक्स्चर नंतर ठरवू असं मात्र करू नका, कारण साचा कापल्यावर उतार वाढवणं म्हणजे सगळ्या भिंती पुन्हा कापणं.

उतारामुळे भिंत किती सरकते ते काढायला एकच सूत्र लागतं:

```
सरक = उंची × tan(कोन)
```

१ अंशाला tan ०.०१७५ आणि २ अंशांना ०.०३४९. ४० मिलिमीटर खोलीला २ अंश म्हणजे दर बाजूला १.४० मिलिमीटर. कागदावर हा आकडा लहान दिसतो. माझी पेटी त्यानेच मोडली.

ड्राफ्ट शेवटी दिला तर काय होतं

माझी पहिली पेटी १५० बाय १०० बाय ४०, भिंत २.५ मिलिमीटर, आतली जागा १४५ बाय ९५. सर्किट बोर्ड १४३ बाय ९३, म्हणजे चारही बाजूंना १ मिलिमीटर मोकळं. बोर्ड आतल्या तळापासून ८ मिलिमीटरवर बसणार होता.

काकांच्या प्रश्नानंतर मी घरी येऊन बाहेरच्या चार भिंती निवडल्या आणि त्यांना २ अंशांचा ड्राफ्ट दिला. तोंडाची कड तशीच राहिली, बुडाशी भिंत आत आली. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. पण आतली बाजू सरळच होती. त्यामुळे तोंडाशी २.५ असलेली भिंत तळाशी जेमतेम १.२ मिलिमीटर उरली. प्लास्टिक तळाच्या मध्यातून आत शिरणार आणि भिंतींतून वर जाणार होतं, म्हणजे वाटेतच गळा आवळला. शिवाय जिथे पेटी कोअरला आवळते ती आतली बाजू सरळच राहिल्यामुळे मूळ अडचण सुटलीच नव्हती.

मग आतल्या भिंतींनाही २ अंश दिले. आता जाडी सारखी झाली, पण बोर्डाची जागा गेली. बोर्ड तोंडापासून २९.५ मिलिमीटर खाली आहे. तिथे भिंत २९.५ × ०.०३४९, म्हणजे १.०३ मिलिमीटर आत येते. माझी मोकळीक होती १ मिलिमीटर. बोर्ड भिंतीत घुसला.

म्हणून पहिली पायरी ही: पेटीचं माप बाहेरून ठरवू नका. आतली सगळ्यात आडमुठी वस्तू, बहुतेक वेळा बोर्डच, ज्या उंचीवर बसते तिथून सुरुवात करा आणि उतार जमेस धरून तोंडापर्यंत या. बोर्डाभोवती आम्ही दीड मिलिमीटर मोकळं ठेवलं, म्हणजे त्या उंचीवर आतली लांबी १४६. तोंडापर्यंत दर बाजूला १.०३ वाढवा, १४८ होतात. दोन्ही भिंतींचे ५ मिळवा, तोंडाशी बाहेरचं माप १५३. रुंदी तशीच १०३. बुडाशी बाहेरचं माप आपोआप सुमारे १५०.२ बाय १००.२ येतं. पेटी तीन मिलिमीटरने वाढली, एवढाच काय तो फरक.

ड्राफ्ट आधी, शेल नंतर

आता मॉडेल नव्याने. तोंडाच्या पातळीवर १५३ बाय १०३चा आयत काढा आणि तो ४० मिलिमीटरने भरीव ठोकळा करून खाली ओढा. आत काहीही पोकळ करू नका. या भरीव ठोकळ्याच्या चारही भिंतींना २ अंशांचा ड्राफ्ट द्या. न्यूट्रल प्लेन म्हणून तोंडाचा पृष्ठभाग निवडा. न्यूट्रल प्लेन म्हणजे ज्या पातळीवर माप बदलत नाही ती पातळी, आणि झाकण तिथेच बसणार असल्याने तिथलं माप हलता कामा नये.

त्यानंतर बाहेरच्या कडा गोल करा. उभ्या चार कोपऱ्यांना आम्ही ६ मिलिमीटरची त्रिज्या दिली, तळाच्या कडेला ४. तोंडाची कड गोल करायची नाही. ती पार्टिंग लाइनवर आहे आणि तिथे गोलाई दिली तर साच्याच्या दोन भागांची कड चाकूसारखी पातळ होते.

मग शेल, म्हणजे ठोकळा आतून पोकळ करून ठरावीक जाडीची भिंत ठेवणारी सोय. तोंडाचा पृष्ठभाग काढायचा म्हणून निवडा आणि आतल्या दिशेने जाडी २.५ द्या. एका पायरीत आतल्या भिंतींना तोच २ अंशांचा उतार मिळतो, जाडी सगळीकडे सारखी राहते, आणि ४ मिलिमीटरची बाहेरची गोलाई आत १.५ होऊन येते. कोपऱ्यातही जाडी २.५च. हे हाताने जुळवत बसलात तर दिवस जातो आणि तरी कुठेतरी चुकतं.

शेल चालत नाही, चूक दाखवतं, अशी तक्रार नवीन मुलं करतात. बहुतेक वेळा बाहेरची त्रिज्या भिंतीच्या जाडीपेक्षा लहान किंवा अगदी तेवढीच असते. २.५ची भिंत आणि २.५ची त्रिज्या म्हणजे आत शून्य त्रिज्येचा कोपरा. काही सॉफ्टवेअर तिथे अडतात. काही तो कोपरा टोकदार करून पुढे जातात, ते जास्त वाईट, कारण पावसाळ्यात पेटी भिंतीवर घट्ट आवळताना तडा त्याच टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. म्हणून आतली त्रिज्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवायची आणि बाहेरची त्रिज्या आतली अधिक जाडी.

२.५ मिलिमीटर का, हा प्रश्न रास्त आहे. या आकाराच्या एबीएस पेटीला २ ते २.५ पुरतं. मी आधी मजबुतीसाठी ३.५ धरली होती. थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २.५ची ३.५ केली तर जाडी १.४ पट, पण थंड व्हायचा वेळ जवळजवळ दुप्पट. मशीन तासावर भाड्याने घेतलेलं असतं, तेव्हा तेवढ्याच तासात बरेच कमी नग पडतात. मजबुती जाडीतून काढायची नसते. ती रिबमधून, म्हणजे भिंतीवर किंवा तळावर उभ्या केलेल्या पातळ पट्ट्यांमधून काढायची.

रिब: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

आमच्या पेटीचा तळ १५० बाय १००चा सपाट पत्रा होता. मध्ये अंगठ्याने दाबला की लवायचा आणि बोर्डावरच्या सोल्डरच्या टाक्यांना ताण बसायचा. दोन मार्ग होते. तळ ३.५ मिलिमीटरचा करणं, किंवा २.५ ठेवून आतून रिब देणं. हिशेब मांडून पाहिला. पत्र्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ३.५ला तो २.७ पट होतो आणि प्लास्टिक ४० टक्के जास्त लागतं. त्याऐवजी दर २५ मिलिमीटरवर ७ मिलिमीटर उंचीची, सरासरी १.२ जाडीची रिब दिली तर रिबच्या दिशेने कडकपणा ७ पट होतो आणि प्लास्टिक फक्त १३ टक्के वाढतं. रिबच्या आडव्या दिशेला हा फायदा मिळत नाही, म्हणून रिब कुठल्या दिशेने धावतील ते बोर्ड ज्यांवर बसतो त्या खांबांची जागा पाहून ठरवा. आम्ही त्या रुंदीच्या दिशेने धावू दिल्या, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आखूड अंतरावर, आणि दोन लांब रिबनी त्यांना आडवं बांधलं. तळापासून ७ मिलिमीटर उंच रिब आणि ८ वर बोर्ड, म्हणजे मध्ये फक्त १ मिलिमीटर. बोर्डाखाली बाहेर आलेले टाके जिथे लांब होते तिथे रिबला खाच दिली.

उंची किती? भिंतीच्या जाडीच्या तिपटीपर्यंत, म्हणजे आमच्यासाठी ७.५च्या आत. त्याहून उंच केली तर साच्यात ती खोल अरुंद चीर होते. ती स्पार्क मशीनवर तांब्याच्या किंवा ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडने कोरावी लागते, आत पॉलिश पोहोचत नाही, आणि प्लास्टिक भरताना चिरीच्या टोकाला हवा कोंडते. कोंडलेली हवा दाबाने इतकी तापते की तिथे प्लास्टिक करपतं. रिबच्या टोकाला तपकिरी-काळा ठिपका दिसला की कारण हेच समजा. अधिक मजबुती हवी असेल तर एक उंच रिब देण्यापेक्षा दोन ठेंगण्या द्या, मध्ये निदान दोन भिंतींच्या जाडीएवढं अंतर ठेवून.

आता जाडी. रिब भिंतीला चिकटते तिथे प्लास्टिकचा गोळा होतो. हा गोळा सगळ्यात शेवटी थंड होतो, थंड होताना आकसतो आणि बाहेरच्या गोठलेल्या कातडीला आत ओढतो. बाहेरून रिबच्या नेमक्या रेषेवर उथळ खड्डा दिसतो, त्याला सिंक मार्क म्हणतात. तो किती येईल याचा अंदाज घ्यायची एक साधी युक्ती आहे. मॉडेल आडवं कापा आणि जोडावर, भिंत आणि रिब यांच्या आत मावेल असं सर्वात मोठं वर्तुळ काढा. त्याचा व्यास म्हणजे त्या जागेची खरी जाडी.

मी आधी रिबही भिंतीएवढीच, २.५ घेतली होती, बुडाशी १ मिलिमीटर त्रिज्या. वर्तुळ ३.६ मिलिमीटरचं आलं, म्हणजे भिंतीच्या सुमारे ४५ टक्के जास्त. वर्गाच्या हिशेबाने तो गोळा थंड व्हायला भिंतीच्या दुप्पट वेळ घेणार होता. रिब १.३ केली, बुडाची त्रिज्या ०.६, आणि वर्तुळ २.९ वर आलं, १७ टक्केच जास्त. एबीएसला रिबची जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के ठेवतात ती याचसाठी. बाहेरची बाजू चकचकीत असेल तर ५०कडे झुका, कारण चकाकीत खड्डा लगेच दिसतो. मॅट टेक्स्चर त्याला थोडं झाकतं. त्रिज्या अजिबात न देणं हाही उपाय नाही, टोकदार सांध्यातून तडा जातो. भिंतीच्या पाव जाडीइतकी त्रिज्या पुरते.

रिबलाही ड्राफ्ट लागतो, दर बाजूला अर्धा ते एक अंश, आणि इथे एक फसवी जागा आहे जिच्यात मी स्वतः पडलो. सॉफ्टवेअरमधली रिबची सोय जाडी विचारते तेव्हा ती कुठली जाडी, हे नीट वाचा. टोकाची की बुडाची? मी टोकाला १.५ दिली आणि १ अंशाचा ड्राफ्ट. ७ मिलिमीटर उंचीवर दर बाजूला ०.१२ वाढून बुडाशी ती १.७४ झाली, भिंतीच्या ७० टक्के. माझ्या समजुतीत ती ६० टक्के होती. जाडी नेहमी बुडाशी ठरवा आणि टोकाकडे निमुळती होऊ द्या. बुडाशी १.३ आणि १ अंश दिला तर टोकाला १.०६ उरते. तिथे प्लास्टिक सहज भरतं.

उभ्या भिंतींना आधार देणाऱ्या रिब नेहमी पेटी निघण्याच्या दिशेला समांतर, म्हणजे तळापासून तोंडाकडे धावणाऱ्या असाव्यात. भिंतीवर आडवी रिब दिली तर ती कोअरमध्ये अडकते आणि साच्याला हलणारा भाग लागतो, त्याची किंमत वेगळी. वायर आत घ्यायचं भोक बाजूच्या भिंतीत दिलं तरी हीच अडचण. आम्ही तोंडाकडे उघडी यू आकाराची खाच दिली आणि झाकणाला एक जीभ जोडली, जी खाचेत उतरून वरची फट बंद करते. पेटी भिंतीवर अशी लावली की खाच खालच्या बाजूला येते, म्हणजे आषाढातलं पाणी वायरीवरून ओघळलं तरी आत शिरत नाही.

बोर्डाचे खांबही एक प्रकारची रिबच. त्यांना कोपऱ्यातल्या भिंतीत विलीन करू नका, तिथे सगळ्यात मोठा गोळा होतो. थोडे अलग ठेवा आणि एका पातळ रिबने भिंतीला जोडा.

फाइल देण्याआधी आणि पहिल्या शॉटनंतर

फाइल द्यायच्या आधी सॉफ्टवेअरमधली ड्राफ्टची तपासणी चालवा. निघण्याची दिशा तोंडाकडे ठेवा आणि किमान कोन १ अंश. मुख्य भिंती बहुधा ठीक असतात. सरळ राहून गेलेले पृष्ठभाग सापडतात ते खांबांच्या भोकांत, रिबच्या आखूड टोकांवर, खाचेच्या गालांवर आणि मागाहून कोरलेल्या अक्षरांवर. रिबना अर्धा अंश दिला असेल तर त्या वेगळ्या रंगात दिसतील, ते चालतं. शून्य कुठेही चालत नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. "शंका असेल तिथे प्लास्टिक कमी ठेव. पोलाद काढता येतं, घालता येत नाही." साच्यातलं पोलाद काढलं की प्लास्टिक वाढतं. म्हणून रिब आधी १.३ ठेवली, नंतर गरज वाटली तर १.५ करायला चीर रुंद करणं पुरतं. उलट करायचं तर वेल्डिंग करून पुन्हा कापावं लागतं, आणि त्या वेल्डची खूण टेक्स्चरमध्ये कायम दिसते.

पहिले शॉट, म्हणजे साच्यातले पहिले नग, पडले की पेटी लगेच हातात घेऊन ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला की सिंक मार्क दिसतात, समोरून दिसत नाहीत. मग भिंतींवर निघण्याच्या दिशेने ओरखडे आहेत का पाहा. बाहेरच्या बाजूला असतील तर टेक्स्चरच्या मानाने ड्राफ्ट कमी पडला, किंवा तिथे साच्याचं पॉलिश आडवं झालंय. तळाला आतून पिनांच्या जागी पांढरे गोल डाग असतील तर पेटी कोअरवर अडकते आणि पिना तिला जोराने ढकलताहेत. एबीएस ताण आला की असं पांढरं पडतं. आमच्या पेटीत दोन खांबांभोवती ते दिसलं. खांबांना बाहेरून अर्धाच अंश होता. तो एक केला आणि डाग गेले.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी, पेटी पूर्ण गार झाल्यावर. लांब भिंतीला पोलादी पट्टी लावा. मध्ये ती थोडी आत वाकलेली सापडते, कारण आतल्या कोपऱ्यातून कोअरची उष्णता उशिरा जाते आणि कोपरा शेवटी आकसत भिंतीला आत खेचतो. आमच्याकडे १५३च्या भिंतीवर मध्यभागी ०.४ मिलिमीटरचा बाक आला. त्यासाठी साचा बदलला नाही. कोअरच्या बाजूचं थंड पाणी वाढवल्यावर तो निम्मा झाला, आणि उरलेला बाक झाकणाची आत उतरणारी कड भिंतीला बाहेर रेटून सरळ करते. त्या कडेला मात्र आम्ही १ अंशाचा ड्राफ्ट दिलेला आहे, म्हणजे झाकण बसवताना ती सहज आत शिरते आणि पूर्ण बसल्यावरच घट्ट होते.